पार्सल पोहोचलं, पण खरेदी कुणी केली?

येवल्याच्या एका पैठणीच्या दुकानाचा नमुना घेऊ. सासरे माग आणि विणकर पाहतात, सून वेबसाइट आणि कुरिअर पाहते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळी पेमेंट गेटवेचा ई-मेल येतो. जानेवारीत न्यू जर्सीला पाठवलेल्या 38,500 रुपयांच्या पैठणीचे पैसे खात्यातून परत वळते केले आहेत, वर वेगळं शुल्कही लावलं आहे. कारण एका ओळीत दिलेलं असतं: कार्डधारकाला हा व्यवहार ओळखता येत नाही. जबाब द्यायला सात दिवसांची मुदत.

"बाबा, पैसे परत घेतलेत त्यांनी. म्हणतायत, खरेदी आमची नाहीच."

"असं कसं म्हणतील? पार्सल मिळाल्याची सही आहे की आपल्याकडे. ती पाठव, पोरी."

सही पाठवली जाते. सोबत बिल, कुरिअरची पावती आणि पैठणीचा फोटोही जातो. दोन महिन्यांनी उत्तर येतं की जबाब अमान्य, पैसे ग्राहकाकडेच राहतील. घरातल्या सगळ्यांना वाटतं, इतका लखलखीत पुरावा देऊनही बँकेनं ग्राहकाचीच बाजू घेतली.

लहान दुकानदारांचे असे जबाब मी वाचतो, काही लिहूनही देतो. यातल्या बहुतेक जबाबांत पुरावा खोटा नसतो आणि कमीही नसतो. तो न विचारलेल्या प्रश्नाचा असतो. सासऱ्यांनी जी सही पाठवायला सांगितली, ती 'माल पोहोचला का?' या प्रश्नाचं उत्तर आहे. बँकेचा प्रश्न मात्र असा होता: 'ही खरेदी आमच्या कार्डधारकानं केली, हे कशावरून?' चोरलेल्या कार्डावर मागवलेलं पार्सलही पोहोचतंच, त्यावर सहीही होते. म्हणून नुसत्या सहीनं या तक्रारीत काहीच सिद्ध होत नाही.

चार्जबॅकच्या प्रत्येक नोटिशीवर एक कोड छापलेला असतो आणि आधी तोच वाचायला हवा. व्हिसा कार्ड असेल आणि कोड 10.4 असेल, तर तक्रार 'कार्ड समोर नसताना झालेल्या फसवणुकीची' आहे. मास्टरकार्डवर त्याच जातीची तक्रार 4837 या कोडखाली येते. व्हिसाचाच 13.1 कोड असता, तर माल मिळाला नाही अशी तक्रार झाली असती आणि तिथे सासऱ्यांची सही खरोखर कामाला आली असती. दोन्ही नोटिशी दिसायला सारख्याच असतात आणि रक्कमही तशीच कापली जाते. त्यामुळे दुकानदार दोन्हींना एकच फाइल पाठवतात.

बँक ग्राहकाचं इतक्या पटकन का ऐकते, हेही समजून घेऊ. अमेरिकेत कायद्यानं क्रेडिट कार्डाच्या अनधिकृत वापराबद्दल ग्राहकाची जबाबदारी जास्तीत जास्त 50 डॉलरवर बांधून ठेवली आहे. 'माझी खरेदी नाही' असं ग्राहकानं कळवलं की बँक पैसे त्याच्या खात्यात फिरवते. मग कार्ड नेटवर्कमार्फत ते दुकानदाराच्या बँकेकडून, तिथून गेटवेकडून आणि शेवटी दुकानदाराकडून वसूल होतात. जबाब याच वाटेनं उलटा चढत जातो. व्हिसाच्या नियमात दुकानदाराच्या बँकेला 30 दिवस असतात, मास्टरकार्डच्या नियमात 45. मधले दोघं आपापले दिवस राखून ठेवतात, म्हणून दुकानदाराच्या हाती आठवडा-दहा दिवस उरतात. मुदत चुकली, तर तक्रार मान्य केली असंच धरलं जातं.

भारतीय बँकेच्या कार्डावर हा प्रसंग क्वचित येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑगस्ट 2009 पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी लागते. आपला ओटीपी तो हाच. ओटीपीनं पडताळलेल्या व्यवहारात 'हा मी केलेला नाही' या तक्रारीचा भार दुकानदारावरून उतरून कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. गेटवेच्या पडद्यावर त्या व्यवहारापुढे `ECI` नावाचा रकाना दिसतो. व्हिसासाठी त्यात `05` आणि मास्टरकार्डसाठी `02` असेल, तर पडताळणी पुरी झाली. तेवढी नोंद जबाबाला पुरते. परदेशी बँकांच्या कार्डांना मात्र आपल्या रिझर्व्ह बँकेचा हा नियम लागू नाही. अमेरिकेतला ग्राहक कार्ड क्रमांक आणि मागचे तीन आकडे टाकतो, ऑर्डर पक्की होते. म्हणून पैठणी, दिवाळीचा फराळ, हापूसचा गर किंवा पुस्तकं परदेशातल्या मराठी घरांना पाठवणाऱ्यांवर हा चार्जबॅक अधिक येतो.

आता त्या न्यू जर्सीच्या घरात डोकावू. पैठणी मागवली होती बाईंनी, कार्ड होतं त्यांच्या नवऱ्याच्या नावाचं. जानेवारीचं स्टेटमेंट नवऱ्यानं पाहिलं, तर तिथे पैठणीच्या दुकानाचं नाव नव्हतं. गेटवेवर खातं उघडताना जी नोंदणीकृत फर्म दिली होती, तिचंच नाव छापून आलं होतं: मालकाच्या आजोबांच्या नावानं चालणारी ट्रेडिंग कंपनी. स्टेटमेंटवर या नावाला वीस-बावीस अक्षरांचीच जागा असते, म्हणून तेही अर्धवट तुटलेलं. साडेचारशे डॉलर, भारतातली कुठलीशी ट्रेडिंग कंपनी. नवऱ्यानं बँकेच्या ॲपवर 'हा व्यवहार ओळखत नाही' हे बटण दाबलं. त्यानं खोटं काहीच सांगितलं नव्हतं, त्याला खरोखर ओळख पटली नव्हती.

या जातीच्या तक्रारींत तीन तऱ्हेचे लोक असतात. काहींचं कार्ड खरंच चोरलेलं असतं. काहींना, या नवऱ्यासारखं, नाव ओळखू येत नाही किंवा घरातल्या दुसऱ्यानं खरेदी केलेली असते. आणि काहींना वस्तूही हवी असते, पैसेही परत हवे असतात. बँकेच्या फॉर्मवर तिघांची तक्रार शब्दशः एकच असते. म्हणून ग्राहकाच्या हेतूवर जबाबात एक अक्षरही लिहू नये. 'हे गृहस्थ लबाड आहेत' असं लिहिलेले जबाब मी पाहिले आहेत. त्यानं सिद्ध काही होत नाही आणि वाचणारा अधिकारी मुद्द्यापर्यंत पोहोचतच नाही.

व्हिसाच्या 10.4 कोडसाठी एप्रिल 2023 पासून एक नवा नियम लागू झाला. व्यापाऱ्याच्या बाजूनं इतका स्पष्ट नियम यापूर्वी नव्हता. त्याचं नाव कम्पेलिंग एव्हिडन्स 3.0. त्यामागचा विचार आपल्या उधारीच्या वहीसारखा सरळ आहे: हाच माणूस याच कार्डावर आमच्याकडून आधी दोनदा घेऊन गेला, तेव्हा त्यानं कुरकूर केली नाही, आणि या वेळच्या खुणाही त्याच आहेत.

नियमाची भाषा मात्र काटेकोर आहे. त्याच कार्डावर त्याच दुकानातून झालेले किमान दोन जुने व्यवहार हवेत आणि त्यांच्यावर फसवणुकीची तक्रार झालेली नसावी. ते तक्रारीच्या तारखेपूर्वी 120 दिवसांहून जुने आणि 365 दिवसांच्या आतले हवेत. वादग्रस्त व्यवहार आणि हे दोन जुने, अशा तिन्हींत किमान दोन खुणा जुळायला हव्यात. खुणा चार प्रकारच्या आहेत: इंटरनेटचा आयपी पत्ता, फोन किंवा संगणकाची ओळख म्हणजे डिव्हाइस आयडी, वेबसाइटवरचं लॉगिन, आणि माल पोहोचवण्याचा पत्ता. जुळणाऱ्या दोनांपैकी एक आयपी पत्ता किंवा डिव्हाइस आयडी असलाच पाहिजे. केवळ लॉगिन आणि घरचा पत्ता जुळून भागत नाही.

120 दिवस कशासाठी, असं मला दुकानदार नेहमी विचारतात. व्यवहारानंतर साधारण तेवढे दिवस ग्राहकाला तक्रारीची मुभा असते. त्याहून जुन्या व्यवहारावर तक्रार नाही, याचा अर्थ ती मुदत उलटून गेली आणि ग्राहकानं तो व्यवहार मान्य केला. कालपरवाच्या व्यवहाराबद्दल असं म्हणता येत नाही, कारण त्यावर उद्याही तक्रार येऊ शकते.

हे येवल्याच्या वहीवर लावून पाहू. वादग्रस्त ऑर्डर जानेवारी 2025 ची, तक्रारीची तारीख 3 मार्च 2025. म्हणजे जुने व्यवहार 3 मार्च 2024 ते 3 नोव्हेंबर 2024 या काळातले हवेत. सूनबाईंनी बाईंचं खातं उघडलं, तर आधीच्या तीन ऑर्डर निघाल्या. 25 मार्च 2024 ला पाडव्यासाठी सेमी-पैठणी, 12 ऑगस्टला गणपतीसाठी दुपट्टा, 15 नोव्हेंबरला एक स्टोल. स्टोलची ऑर्डर सगळ्यांत ताजी, म्हणून तीच आधी जोडावीशी वाटते. पण 3 मार्चच्या हिशोबानं ती 120 दिवसांच्या आत येते, तेव्हा ती बाद. मार्च आणि ऑगस्टच्या दोन मात्र बसतात.

पुढे खुणा तपासायच्या. लॉगिन तिन्ही वेळी तेच, एडिसनमधल्या घराचा पत्ताही तोच. राहिला आयपी पत्ता. मार्च, ऑगस्ट आणि जानेवारी, तिन्ही ऑर्डर घरच्या वायफायवरून झाल्या होत्या आणि तिन्हींपुढे एकच आयपी नोंदलेला होता. दोन खुणा लागत होत्या, इथे तीन मिळाल्या. कार्डाचे शेवटचे चार आकडेही तिन्ही ठिकाणी तेच. मधल्या काळात बँकेनं नवं कार्ड दिलं असतं आणि क्रमांक बदलला असता, तर इथेच अडलं असतं.

हे सगळं गेटवेच्या फॉर्ममध्ये नेमून दिलेल्या रकान्यांत भरायचं असतं. तिन्ही व्यवहारांची तारीख, काय विकलं त्याचं साधं वर्णन, आणि जुळणाऱ्या खुणा. ते नियमात बसलं, तर जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकते. 'आमचा ग्राहक नाहीच म्हणतो' एवढ्यावर तिला ते झटकता येत नाही. मास्टरकार्डची चौकट वेगळी आहे, पण जुन्या निर्वाद खरेदीचा धागा तिथेही जबाबाचं बळ वाढवतो.

या पुराव्याला मराठी ग्राहकांच्या बाबतीत एक चांगली बाजू आहे. परदेशातली मुलं अनेकदा भारतातल्या आईवडिलांसाठी वस्तू मागवतात. कार्ड टेक्ससचं, पार्सल जातं कोल्हापूरला. वरवर पाहिलं तर हे चोरीच्या कार्डाचं लक्षण वाटतं आणि दुकानदार धास्तावतो. पण या नियमात पत्ता कार्डधारकाच्या घराशी जुळायचा नसतो, तो जुन्या ऑर्डरशी जुळायचा असतो. गेल्या पाडव्यालाही पार्सल कोल्हापूरच्या त्याच पत्त्यावर गेलं असेल, तर तीही खूण धरली जाते.

जुने दोन व्यवहार नसतील तेव्हा काय? तेव्हा दुसरी वाट धरावी लागते आणि ती जास्त अवघड आहे. पार्सल घेणारा माणूस आणि कार्डधारक यांचं नातं कागदावर दाखवायचं. येवल्याच्या बाईंनी साडी मिळाल्यावर व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, 'साडी मिळाली, रंग अगदी फोटोतल्यासारखा, ब्लाउज शिवायला टाकलाय.' कुरिअरच्या सहीपेक्षा हा निरोप या प्रश्नाच्या जास्त जवळचा आहे. ज्या नंबरवरून तो आला तोच ऑर्डरवर होता आणि आडनाव कार्डधारकाचंच होतं. घरातल्याच माणसानं केलेली खरेदी, हा व्हिसाच्या नियमांत मान्य असलेला पुरावा आहे. मात्र निरोप मराठीत आहे. बँकेत तो वाचणाऱ्याला मराठी येत नाही, म्हणून त्याच पानावर इंग्रजी भाषांतर लिहायलाच हवं. बिलिंग पत्ता तपासण्याची सोय गेटवेवर असेल आणि पत्ता पूर्ण जुळल्याची नोंद असेल, तर तीही जोडावी. अमेरिकन कार्डांसाठी ही सोय चालते, आणि त्याच पत्त्यावर माल पोहोचल्याचा पुरावा असेल, तर कुरिअरच्या त्या सहीलाही अर्थ येतो. एकटी असताना तिला तो नव्हता.

वेळेचा घोळ मी स्वतः अनेकदा पाहिला आहे. बाईंनी ऑर्डर दिली 20 जानेवारीच्या रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी. तेव्हा येवल्यात 21 जानेवारीच्या सकाळचे 8 वाजून 10 मिनिटं झाली होती. दुकानाच्या बिलावर 21, बँकेच्या नोंदीत 20. बँकेतला अधिकारी एका प्रकरणाला फार वेळ देत नाही. तारखा जुळल्या नाहीत, तर हे बिल दुसऱ्याच ऑर्डरचं असं समजून तो पुढे जातो. प्रत्येक वेळेपुढे 'भारतीय वेळ' असं लिहावं आणि कंसात न्यू जर्सीची वेळही द्यावी. जबाब एका पानात मावावा आणि पहिल्याच वाक्यात खरेदी कार्डधारकाशी कशी जोडलेली आहे ते यावं. दुकानाची परंपरा, विणायला लागलेले महिने, झालेलं नुकसान हे सगळं खरं असतं आणि लिहिताना मन भरून येतं, पण त्यातलं काहीच बँकेच्या प्रश्नाला उत्तर देत नाही.

ग्राहकाला फोन जरूर करावा, पण जपून. येवल्याच्या बाईंना फोन गेला असता, तर बहुधा नवऱ्याच्या हातून काय झालं ते पाच मिनिटांत कळलं असतं. तशा वेळी त्यांनी आपल्या बँकेला तक्रार मागे घेत असल्याचं कळवावं आणि त्याची लेखी प्रत पाठवावी, अशी विनंती करावी. ती प्रत जबाबाला जोडायची आणि जबाब तरीही मुदतीत पाठवायचा. तोंडी आश्वासनावर विसंबून मुदत घालवलेली प्रकरणं थोडी नाहीत. चार्जबॅक आल्यावर दुकानानं स्वतःहून परतावा तर मुळीच देऊ नये. बँकेनं एकदा पैसे नेलेले असतात, तुमच्या परताव्यानं ते दुसऱ्यांदा जातात आणि ते परत मिळवणं फार जिकिरीचं होतं.

काही प्रकरणं लढूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तासाभरापूर्वी उघडलेलं खातं, तीन-चार कार्डं नाकारल्यावर चाललेलं पाचवं, पाठवण्याची अतोनात घाई, पत्ता मालवाहतूक कंपनीच्या गोदामाचा. हे एकत्र दिसलं, तर कार्ड बहुधा चोरलेलं आहे आणि तक्रार करणारा खरंच लुटला गेला आहे. त्याच्याविरुद्ध पुरावे रचू नयेत. शेवटची लवादाची पायरी हरलेल्या बाजूला शेकडो डॉलरच्या शुल्काला पडते, म्हणून दोन-तीन हजार रुपयांच्या ऑर्डरसाठी तिथवर जाणंही शहाणपणाचं नाही. नव्या परदेशी ग्राहकाची पहिलीच मोठी ऑर्डर असेल, तर गेटवेला सांगून त्याच्या बँकेची पडताळणी सक्तीची करून घ्यावी. एखादा ग्राहक त्या पायरीवर कंटाळून जाईल, हे खरं आहे. पण पहिल्या ऑर्डरच्या वेळी तुमच्याकडे जुन्या व्यवहारांचा पुरावा असूच शकत नाही.

येवल्याच्या उदाहरणात एक गोष्ट मी सोपी धरली होती: तिन्ही ऑर्डरपुढे बाईंचा खरा आयपी नोंदलेला होता. पुष्कळ दुकानांत तो नसतो. वेबसाइट वेगानं उघडावी म्हणून मध्ये दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर बसवलेला असतो आणि वही ग्राहकाऐवजी त्या सर्व्हरचाच आयपी टिपते. खरा पत्ता बहुधा `X-Forwarded-For` नावाच्या ओळीत आलेला असतो, पण तो साठवायला कुणी सांगितलेलं नसतं. मग एडिसनची बाई आणि सांगलीचा विद्यार्थी, दोघांच्या ऑर्डरपुढे एकच आयपी दिसतो. असा पुरावा पाठवला, तर तो पुरावा म्हणून उभा राहत नाही. काही वेबसाइटवर या नोंदी महिन्या-दोन महिन्यांत पुसल्याही जातात, आणि नियमाला तर वर्षभरापर्यंतच्या लागतात.

हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. आज रात्री आपल्याच वेबसाइटवरून, आपल्याच कार्डानं, सर्वांत स्वस्त वस्तूची एक ऑर्डर द्या. ज्या फोनवरून दिली, त्याचा आयपी इंटरनेटवर शोधून कागदावर लिहून ठेवा आणि दुकानाच्या ऑर्डरमध्ये तोच नोंदलाय का ते पाहा. नोंदला नसेल, तर वेबसाइट करणाऱ्याला उद्याच सांगा, आणि या नोंदी किमान सव्वा वर्ष ठेवायलाही सांगा. मग स्टेटमेंट आलं की त्यावर आपल्या दुकानाचं नाव कसं छापलंय ते वाचा, आणि घरातल्या ज्यांनी ती खरेदी केलेली नाही, त्यांनाही वाचायला द्या. त्यांना नाव ओळखता आलं नाही, तर गेटवेला ई-मेल करून ते बदलून घ्या.